न्यायप्रविष्ट

न्यायप्रविष्ट म्हणजे न्यायालयापुढे दाखल झालेले आणि ज्याचा अंतिम निर्णय अद्याप लागलेला नाही असे प्रकरण. 'सब ज्युडिस' (न्यायाधीशाच्या अधीन) या लॅटिन शब्दप्रयोगाचा हा रूढ मराठी पर्याय आहे. 'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्यावर भाष्य करणे उचित ठरणार नाही' हे वाक्य बातम्यांत वारंवार आढळते. त्यावरून असा समज पसरला आहे की, खटला दाखल झाला की त्याविषयी बोलण्यासच कायद्याने बंदी असते. भारतीय कायद्यात अशी सरसकट बंदी नाही. चालू न्यायिक कार्यवाहीत अडथळा येईल किंवा तिच्यावर अनिष्ट परिणाम होईल अशा प्रकाशनाला कायदा अवमान मानतो. कार्यवाहीचे यथातथ्य वार्तांकन मात्र तो स्पष्टपणे अनुज्ञेय ठरवतो.

शब्द व अर्थ

'न्याय' आणि 'प्रविष्ट' (प्रवेश केलेले) या दोन शब्दांचा हा समास आहे. 'प्रविष्ट' हे 'विश्' या संस्कृत धातूचे भूतकालवाचक रूप असून त्यात 'ट' येतो. 'कनिष्ठ', 'प्रतिष्ठा' या शब्दांच्या सादृश्याने वृत्तपत्रांत अनेकदा 'न्यायप्रविष्ठ' असे छापले जाते, परंतु ते अशुद्ध आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० मध्ये याच लॅटिन नावाने ओळखले जाणारे एक निराळे तत्त्व आहे. त्याच पक्षकारांमध्ये त्याच मुद्द्यावर आधीचा दावा प्रलंबित असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी स्थगित ठेवावी, एवढाच त्याचा आशय आहे. वृत्तपत्रे किंवा भाष्यकार यांच्याशी त्याचा संबंध नाही. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांचा या दोहोंत पुष्कळदा गोंधळ होतो.

प्रकरण न्यायप्रविष्ट केव्हा होते

याचे उत्तर न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मध्ये आहे. या अधिनियमाचे कलम ३ 'निर्दोष प्रकाशना'विषयी असून त्याच्या स्पष्टीकरणात न्यायिक कार्यवाही कोणत्या क्षणापासून प्रलंबित मानावी हे सांगितले आहे. दिवाणी प्रकरण वादपत्र किंवा तत्सम अर्ज दाखल होताच प्रलंबित होते. गुन्ह्यासंबंधीचे प्रकरण पोलिसांनी आरोपपत्र दाखल केल्यावर, किंवा न्यायालयाने आरोपीविरुद्ध समन्स अथवा वॉरंट काढल्यावर प्रलंबित होते. म्हणजे केवळ तक्रार नोंदवली गेली म्हणून गुन्ह्याचे प्रकरण या अधिनियमाच्या अर्थाने न्यायप्रविष्ट होत नाही.

शेवटाची व्याख्याही तितकीच नेमकी आहे. खालच्या न्यायालयाने निकाल दिला तरी अपील किंवा पुनरीक्षणाचा मार्ग खुला असेपर्यंत प्रकरण प्रलंबितच राहते. अपील झाले तर त्याचा निकाल लागेपर्यंत, आणि न झाल्यास अपिलाची मुदत संपेपर्यंत, ही अवस्था टिकते. याउलट अंतिम निकालानंतर केवळ हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त चालू आहे, एवढ्यावरून प्रकरण न्यायप्रविष्ट ठरत नाही.

एका कल्पित उदाहरणावरून हा क्रम समजू शकेल. एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या व्यवस्थापकाविरुद्ध ठेवीदारांच्या पैशांचा अपहार केल्याची तक्रार १ फेब्रुवारीस नोंदवली गेली, ५ फेब्रुवारीस त्यास अटक झाली आणि २० एप्रिलला आरोपपत्र दाखल झाले. अवमान अधिनियमानुसार कार्यवाही २० एप्रिलपासून प्रलंबित मानली जाईल. मधल्या अडीच महिन्यांत आरोपी कोठडीत असतो, त्याच्या जामिनावर सुनावणी होते, साक्षीदारांचे जबाब नोंदवले जातात. गावात आणि वृत्तवाहिन्यांवर चर्चेला ऊत येतो तोही याच काळात. आरोपपत्र आल्यावर मात्र तेच भाष्यकार 'आता प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असे म्हणून मौन धरू लागतात. बातमीने सर्वाधिक हानी होण्याचा काळ आणि कायद्याने संरक्षण दिलेला काळ असे एकमेकांपासून वेगळे पडतात. या विषयावरील बहुतेक वाद या फटीतून निर्माण झाले आहेत.

वार्तांकन आणि भाष्य

अधिनियमाच्या कलम ४ नुसार न्यायिक कार्यवाहीचा निःपक्ष व अचूक वृत्तान्त प्रसिद्ध करणे हा अवमान नाही. वरील उदाहरणात 'व्यवस्थापकाने बनावट कर्जखाती उघडल्याचा आरोप सरकारी वकिलांनी केला. बचाव पक्षाने तो फेटाळला' ही बातमी आरोपपत्रानंतरही निर्वेधपणे देता येते. साक्षीदाराने न्यायालयात काय सांगितले, उलटतपासणीत तो कोठे अडखळला, न्यायाधीशांनी कोणता आदेश दिला, हे सर्व छापता येते. मात्र सरतपासणी सविस्तर छापून उलटतपासणी गाळली, तर वृत्तान्तातील प्रत्येक वाक्य खरे असूनही तो निःपक्ष राहत नाही. बंद दालनात होणाऱ्या सुनावणीचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करण्यावरील बंदीही स्वतंत्र आहे. ती खटला प्रलंबित असण्यावर अवलंबून नाही.

'व्यवस्थापकाने ठेवीदारांना लुबाडले' असे विधान या मर्यादेपलीकडचे आहे, कारण जो प्रश्न न्यायालयाने सोडवायचा आहे त्याचे उत्तर त्यात लेखकाने स्वतःच देऊन टाकले आहे. खटल्याच्या गुणदोषांवर उचित टीका करण्यास कलम ५ परवानगी देते, पण ती अंतिमतः निकाली निघालेल्या प्रकरणापुरती. वृत्तपत्रांतील 'कथित', 'संशयित', 'असा आरोप आहे' हे शब्द याच भेदातून आले आहेत. मजकुरात 'कथित' हा शब्द जपून वापरायचा आणि मथळ्यात 'लुबाडणारा व्यवस्थापक' असे छापायचे, ही नेहमी आढळणारी चूक होय. वाचकाच्या मनावर ठसतो तो मथळाच.

कोणतेही अनुचित वाक्य शिक्षेस पात्र ठरते असे नाही. प्रकाशनाने न्यायप्रक्रियेत भरीव अडथळा येतो किंवा येण्याचा संभव आहे असे न्यायालयास वाटल्याशिवाय शिक्षा देऊ नये, असे कलम १३ सांगते. प्रकरण प्रलंबित असल्याचे प्रकाशकास ठाऊक नव्हते आणि तसे वाटण्यास वाजवी कारणही नव्हते, तर कलम ३ त्याला संरक्षण देते. कमाल शिक्षा सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. मनापासून मागितलेली क्षमा न्यायालयाने स्वीकारल्यास शिक्षा माफ होऊ शकते. खासगी व्यक्तीला फौजदारी अवमानाची कार्यवाही सुरू करायची असेल, तर त्यासाठी महाधिवक्त्याची लेखी संमती लागते.

भाष्य टाळण्याची कारणे

ज्यूरी पद्धती होती तेव्हा हे कारण सहज समजण्यासारखे होते. खटल्यातील वस्तुस्थितीचा कौल सामान्य नागरिक देत आणि ते इतरांप्रमाणेच वर्तमानपत्रे वाचत. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा खटला चालला. त्या वेळी 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने उघडपणे नानावटींची बाजू घेतली होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी हा कौल न स्वीकारता प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. ज्यूरी वृत्तपत्रांना भुलली असे या खटल्याविषयी सर्रास सांगितले जाते. उच्च न्यायालयाने कौल बाजूला ठेवण्याचे जे कारण दिले ते मात्र ज्यूरीला कायद्याचे चुकीचे मार्गदर्शन झाले, हे होते.

आज भारतात फौजदारी खटल्याचा निर्णय प्रशिक्षित न्यायाधीश देतात. बातम्यांनी आपण विचलित होत नाही, असे न्यायाधीश अनेकदा सांगतात आणि ते मान्य करण्यास हरकत नाही. परंतु खटला केवळ न्यायाधीशांवर चालत नाही. तो साक्षीपुराव्यावर चालतो, आणि बातमीने बिघडू शकतो तो पुरावा.

ओळख परेडचे उदाहरण घ्यावे. अनोळखी हल्लेखोराला पाहिलेल्या साक्षीदारासमोर आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर व्यक्तींसह उभे केले जाते आणि साक्षीदाराने त्यातून त्याला ओळखायचे असते. परेडपूर्वी आरोपीचे छायाचित्र वृत्तपत्रांत आले असेल, तर साक्षीदाराने घटनास्थळी पाहिलेला चेहरा ओळखला की छापील छायाचित्र, हे ठरवता येत नाही. बचाव पक्षाचे वकील नेमका हाच प्रश्न विचारतात आणि तपासाचा एक महत्त्वाचा दुवा निकामी होतो. येथे बातमीने आरोपीचे नव्हे, तर फिर्यादी पक्षाचे नुकसान केलेले असते. आरोपीला पकडताना त्याचा चेहरा कापडाने झाकतात, त्यामागील एक कारण हेच आहे. ती आरोपीला दिलेली सवलत नाही.

कबुलीजबाबाची गोष्टही अशीच आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. जुन्या भारतीय पुरावा कायद्यातील हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २३ मध्ये आहे. तरीही 'आरोपीने गुन्हा कबूल केला' ही बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते. जी गोष्ट न्यायालयापुढे येऊही शकत नाही, ती समाजापुढे निर्णायक पुरावा म्हणून मांडली जाते. पुढे आरोपी निर्दोष सुटला की लोकांना न्यायालयच सैल वाटू लागते, कारण कबुली विचारात का घेतली गेली नाही हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

साक्षीदारांच्या मुलाखतींनी होणारी हानी अधिक सूक्ष्म आहे. कॅमेऱ्यासमोर एकदा ठामपणे बोललेला माणूस पुढे न्यायालयात त्याच शब्दांशी बांधला जातो. त्याने काही बदलून सांगितले तर विसंगती दाखवली जाते आणि न बदलता सांगितले तर घोकून आल्याचा आरोप होतो. अन्य साक्षीदारही त्याची मुलाखत पाहतात आणि आपली आठवण नकळत तिच्याशी जुळवून घेतात.

पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्या मौनाचे कारण मात्र वेगळे आणि अधिक व्यावहारिक असते. पक्षकाराने बाहेर केलेले विधान त्याच्याचविरुद्ध कबुली म्हणून वापरले जाऊ शकते. भाष्यकाराला अब्रुनुकसानीच्या दाव्याचीही धास्ती असते. 'न्यायप्रविष्ट' हा शब्द या सर्व कारणांसाठी एक सोयीचे आवरण ठरतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्णय

आरोपपत्रापूर्वीच्या काळाचा प्रश्न सविस्तर तपासला गेला तो मुंबई उच्च न्यायालयात. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांचा १४ जून २०२० रोजी वांद्रे येथील निवासस्थानी मृत्यू झाला. त्यानंतर अनेक महिने काही वृत्तवाहिन्यांनी या मृत्यूवर दररोज चर्चा घडवल्या. घटनेची पुनर्रचना दाखवण्यात आली, खासगी संदेश वाचून दाखवण्यात आले, अटकेची मागणी करण्यात आली आणि मृत्यू हा खून असल्याचे गृहीत धरून निष्कर्ष मांडण्यात आले. चित्रपट निर्माते निलेश नवलखा व इतर, तसेच महाराष्ट्रातील काही निवृत्त ज्येष्ठ पोलीस अधिकारी यांनी याविरुद्ध जनहित याचिका दाखल केल्या.

मृत्यूच्या प्रकरणात त्या वेळी आरोपपत्र दाखल झालेले नव्हते. त्यामुळे कलम ३ च्या व्याख्येवर बोट ठेवले, तर कोणतीही कार्यवाही प्रलंबितच नव्हती आणि अवमानाचा प्रश्नही उद्भवत नव्हता. विधी आयोगाने २००६ सालच्या आपल्या २०० व्या अहवालात ही उणीव दाखवून दिली होती आणि अटकेच्या क्षणापासून कार्यवाही प्रलंबित मानावी अशी शिफारस केली होती. संसदेने तशी दुरुस्ती केलेली नव्हती.

मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने १८ जानेवारी २०२१ रोजी निर्णय दिला. फौजदारी अवमानाच्या व्याख्येत 'न्यायदानाच्या कामात' अन्य प्रकारे आणलेला अडथळाही येतो. गुन्ह्याचा तपास हा न्यायदानाशी जोडलेला टप्पा असल्याने तपासात ढवळाढवळ करणारे प्रसारणही या व्याख्येत बसू शकते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. निःपक्ष तपास आणि निःपक्ष खटला हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचे भाग असून अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी त्यांचा मेळ घालावा लागतो, असेही निर्णयात म्हटले आहे.

तपास चालू असताना काय टाळावे याची निर्णयात दिलेली यादी सामान्य वाचकालाही कळेल अशी आहे. आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवणे, आरोपी किंवा पीडित यांच्या चारित्र्यावर बोट ठेवणे, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या जबाबांची चिकित्सा करणे, पोलिसांपुढील कबुली ग्राह्य पुरावा असल्याप्रमाणे दाखवणे, आरोपीचे ओळख पटेल असे छायाचित्र छापणे, गुन्ह्याच्या प्रसंगाचे नाट्यरूपांतर करणे आणि कोणाच्या दोषाविषयी निकाल देणे यांचा त्यात समावेश आहे. दोन वृत्तवाहिन्यांची काही प्रसारणे प्रथमदर्शनी अवमानकारक असल्याचे मत न्यायालयाने नोंदवले, पण त्यांच्यावर कारवाई केली नाही.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. वृत्तवाहिन्यांच्या चर्चांत ज्यांना आरोपी म्हणून उभे करण्यात आले होते, त्यांच्याविरुद्ध मृत्यूच्या प्रकरणात त्या तपासातून खटला उभा राहिला नाही.

बंदीच्या मर्यादा

भाष्य रोखण्याची मागणी कधी कधी प्रतिष्ठित पक्षकारांकडूनही होते आणि तेथे न्यायालयाला उलट दिशेने विचार करावा लागतो. १९८८ साली रिलायन्स पेट्रोकेमिकल्स या कंपनीच्या कर्जरोख्यांची सार्वजनिक विक्री होणार होती. तिला मिळालेल्या सरकारी संमतीस न्यायालयांत आव्हान देण्यात आले होते. 'इंडियन एक्सप्रेस' या वृत्तपत्राने त्या संमतीच्या वैधतेवर लेख प्रसिद्ध केल्यावर कंपनीने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली आणि न्यायालयाने अशा लेखनास तात्पुरती मनाई केली. २३ सप्टेंबर १९८८ रोजी ही मनाई उठवताना न्यायालयाने एक कसोटी वापरली. प्रकाशन थांबवायचे असेल तर न्यायदानाला असलेला धोका खरा आणि अगदी नजीकचा असला पाहिजे. रोख्यांची विक्री तोपर्यंत पार पडली होती, म्हणून तसा धोका उरला नव्हता. आणि लोकांना सार्वजनिक महत्त्वाच्या व्यवहाराची माहिती मिळण्याचा हक्क होता.

सहारा विरुद्ध सेबी या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सप्टेंबर २०१२ मध्ये हाच धागा पुढे नेला. विशिष्ट खटल्याचे वार्तांकन काही काळ पुढे ढकलण्याचा आदेश वरिष्ठ न्यायालये देऊ शकतात. मात्र असा आदेश दुसरा कोणताही उपाय पुरेसा नसेल तेव्हाच द्यावा आणि त्याची मुदत मर्यादित असावी, असे घटनापीठाने सांगितले.

राजकीय व्यवहारातील वापर

विधिमंडळांच्या कामकाज नियमांतही हे तत्त्व आहे. ज्या वस्तुस्थितीवर न्यायालयीन निर्णय प्रलंबित आहे तिचा सदस्याने भाषणात उल्लेख करू नये, असा लोकसभेचा नियम आहे. हे सभागृहाने स्वतःवर घातलेले बंधन होय. संसदेतील भाषणाबद्दल सदस्यावर न्यायालयात कार्यवाही होऊ शकत नाही, म्हणून त्याचा अवमान अधिनियमातील शिक्षेशी संबंध नाही.

पत्रकार परिषदेत मंत्री किंवा अधिकारी हाच शब्द वापरतात तेव्हा तो पुष्कळदा कायद्यापेक्षा सोयीसाठी असतो. दावा कधी दाखल झाला, शासनाने प्रतिज्ञापत्रात कोणती भूमिका मांडली, पुढील तारीख कोणती, हे सांगण्यास कोणतीही आडकाठी नाही. संबंधित धोरणाची सर्वसाधारण चर्चा करण्यासही नाही. न्यायालयाने ज्या मुद्द्याचा निर्णय द्यायचा आहे त्याचे उत्तर देणे तेवढे टाळायचे असते.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद हे याचे बोलके उदाहरण आहे. महाराष्ट्राने या प्रश्नावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यानंतरही दोन्ही राज्यांत या विषयावर सभा, अग्रलेख आणि निवडणूक प्रचार चालूच राहिले. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिल्लीत घेतलेल्या बैठकीत निकाल लागेपर्यंत कोणत्याही राज्याने एकमेकांच्या प्रदेशावर दावा करू नये असे ठरले. पुढील दोन आठवड्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही विधिमंडळांनी आपापल्या भूमिकेचे ठराव संमत केले; महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख आहे. या वादात ओळख परेड नाही, की दबावाखाली येऊ शकेल असा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही. निर्णय संविधानातील तरतुदी, राज्य पुनर्रचनेचा कायदा आणि कागदपत्रे यांवर व्हायचा आहे.